वीजबिल भरलं, मग पावती कुठे आहे?

ऑनलाइन पैसे भरायला नुकतीच सुरुवात केलेल्याला सगळे एकच सल्ला देतात: स्क्रीनशॉट काढून ठेव. त्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. पैसे गेले की नाही, कुणाच्या नावावर जमा झाले, कशासाठी गेले, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या कागदांवर असतात. वीजबिलाचंच उदाहरण घेऊ.

बिल उघडा. बिल म्हणजे मागणी: इतके द्या, या तारखेच्या आत द्या. रक्कम नेहमीपेक्षा जास्त दिसली तर आधी ‘थकबाकी’चा रकाना बघा. मागच्या महिन्याचे पैसे जमा झाले नसतील तर ते तिथे दिसतात.

पैसे भरा. अ‍ॅपमध्ये वीज कंपनी निवडा, बिलावरचा ग्राहक क्रमांक टाका, स्क्रीनवर ग्राहकाचं नाव येईल ते वाचा, मगच पिन टाका.

पावती मिळवा. लोक अडकतात ते इथे.

हिरवी खूण आणि ‘पेमेंट सक्सेसफुल’ एवढंच दिसणारा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. तुमच्याकडून पैसे निघाले, एवढंच तो सांगतो. ज्याला पैसे मिळाले त्याने ‘मिळाले, आणि अमुक ग्राहकाच्या खात्यात धरले’ असं लिहून दिलं की ती पावती. त्यावर ग्राहक क्रमांक, रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांक हवाच.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी १,८४० रुपये भरले आणि पुढच्या बिलात तेवढीच थकबाकी आली. त्या बँकेचं स्टेटमेंट घेऊन वीज कार्यालयात गेल्या. स्टेटमेंटवर तारीख होती, रक्कम होती, वीज कंपनीचं नावही होतं. पैसे कंपनीकडे पोचले होते, यात वादच नव्हता. पण कुठल्या ग्राहकाचे म्हणून जमा झाले, हे स्टेटमेंटवर नव्हतं. अ‍ॅपमधून पावती उतरवून घेतल्यावर उलगडा झाला: त्यांच्या जुन्या भाड्याच्या घराचा ग्राहक क्रमांक अ‍ॅपमध्ये साठवलेला होता आणि बोट त्याच्यावर पडलं होतं. मग त्या पावतीची प्रत जोडून रक्कम योग्य क्रमांकावर वळती करण्याचा अर्ज द्यावा लागला. घर बदललं की जुना क्रमांक अ‍ॅपमधून त्याच दिवशी पुसून टाका, हे माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोंधळ. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो, आणि यूपीआय व्यवहाराचा यूटीआर क्रमांकही १२ आकडीच. तक्रार करताना लोक एकाच्या जागी दुसरा देतात आणि ‘नोंद सापडत नाही’ असं उत्तर घेऊन परत येतात. ग्राहक क्रमांक दर महिन्याला तोच असतो. यूटीआर प्रत्येक व्यवहाराला नवा.

पैसे कापले गेले आणि पावती आलीच नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. ‘भरून टाका, नंतर बघू’ म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. दोनदा भरलेले पैसे सोडवून घेणं जास्त किचकट असतं. अ‍ॅपच्या हिस्टरीत व्यवहार ‘पेंडिंग’ आहे का बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार, खात्यातून पैसे गेले पण दुकानदार किंवा कंपनीला तशी खात्री पोचली नाही, तर यूपीआयची रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

स्टेटमेंट बघा. पैसे खरंच गेले का आणि परत आले का, हे सांगणारा कागद हाच. यूटीआर तिथेही दिसतो, तो पावतीवरच्या क्रमांकाशी जुळवा. ईमेलने आलेली पीडीएफ बहुधा पासवर्ड मागते. तो कसा बनतो हे त्याच ईमेलमध्ये लिहिलेलं असतं.

राहिलं इन्व्हॉइस. हे लागतं वस्तू घेतल्यावर. ऑनलाइन मिक्सर घेतलात तर विक्रेत्याचं नाव, वस्तू, किंमत आणि त्यावरचा जीएसटी यात असतो. दुकानात आपण ज्याला पक्कं बिल म्हणतो तेच हे. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ने सुरू होतो, गोव्यातला ३०ने. पण इन्व्हॉइस आलं म्हणजे पैसे पोचले असं धरू नका, घरपोच आल्यावर पैसे देण्याच्या ऑर्डरवरही इन्व्हॉइस निघतं. मिक्सर वॉरंटीत बंद पडला तर सर्व्हिस सेंटरवाला मागेल ते हेच. बँकेच्या स्टेटमेंटवर मिक्सरचं नावही नसतं. इन्व्हॉइस खरेदीच्या अ‍ॅपच्या ‘ऑर्डर्स’मध्ये सापडतं, बरेचदा वस्तू रवाना झाल्यावरच. वस्तू हातात आली की त्याच दिवशी उतरवून घ्या.