कैरोस आणि ख्रोनोस: ग्रीक वेळेचे दोन शब्द वापरताना या चुका टाळा

हल्ली भाषणाच्या कोणत्याही वर्कशॉपला गेलं की एक स्लाईड हमखास येते, डावीकडे घड्याळ आणि खाली ख्रोनोस, उजवीकडे उगवता सूर्य आणि खाली कैरोस, आणि मग सांगतात की ख्रोनोस म्हणजे घड्याळाचा रटाळ वेळ आणि कैरोस म्हणजे जादूचा क्षण. मी पण दोन-तीन वर्षं हेच सांगत फिरलोय. मग प्राचीन अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस याचं एक भाषण नीट वाचलं आणि लक्षात आलं की आपण निम्मं चुकीचं सांगत होतो.

आधी एक छोटी चूक उरकून टाकतो, क्रोनोस आणि ख्रोनोस. ग्रीक देवांचा राजा झ्यूस, त्याचा बाप, पोरं गिळणारा तो क्रोनोस, आणि वेळ म्हणजे ख्रोनोस. ग्रीकमध्ये पहिलं अक्षर वेगळं आहे. इंग्रजीतून वाचणाऱ्यांचा यात घोळ होतो (जुन्या ग्रीकांचाही व्हायचा, काहींनी तर मुद्दाम दोन्ही एकच केले), पण आपल्याकडे क आणि ख वेगळे आहेत आणि प्राचीन ग्रीक उच्चार ख च्याच जवळचा होता, तेव्हा सरळ ख्रोनोस लिहा, विषय संपला.

दुसरी चूक खास आपली: कैरोसचं भाषांतर 'मुहूर्त' करणं. ऐकायला भारी वाटतं पण मुहूर्त पंचांगातून काढतात, आधीच ठरतो, आणि मोजमाप म्हणून बघितलं तर दिवसाचा तिसावा भाग म्हणजे 48 मिनिटं, म्हणजे हा मोजलेला वेळ झाला, ख्रोनोसकडे झुकणारा. कैरोस पंचांगात नसतो, तो समोरच्या परिस्थितीत ओळखावा लागतो. बरं, शब्दाचं मूळही वेळेपुरतं नाही. होमरच्या इलियड महाकाव्यात मेनेलाओस या ग्रीक राजाला बाण लागतो तेव्हा तो कैरोसच्याच घरातल्या शब्दाने म्हणतो की बाण मर्मी लागला नाही. म्हणजे जिथे लागलं तर काम तमाम, ती जागा. मर्म हा शब्द डोक्यात ठेवलात तर मुहूर्तापेक्षा बरं जमेल.

आणि खरं सांगू का, मराठीत हा फरक लिंगात लपलाय. 'माझा वेळ गेला' आणि 'माझी वेळ गेली', दोन्ही बोलून बघा. पहिल्यात तास वाया गेले, दुसऱ्यात संधी हातची निघून गेली. तो वेळ खर्च होतो, पुरतो, उरतो. ती वेळ येते, टळते, चुकते. तो वेळ म्हणजे साधारण ख्रोनोस, ती वेळ म्हणजे साधारण कैरोस. साधारण म्हटलं कारण 'गाडीची वेळ' पण स्त्रीलिंगीच आहे आणि ती तर घड्याळाचीच, त्यामुळे हा फक्त कामचलाऊ टेस्ट आहे, नियम नाही.

आता मोठी चूक, म्हणजे ख्रोनोसला व्हिलन करणं. इ.स.पू. 351 मध्ये डेमोस्थेनिस अथेन्सच्या सभेत फिलिपविरुद्ध पहिल्यांदा उभा राहिला, मॅसेडोनियाचा हा राजा एकेक शहर घशात घालत होता आणि अथेन्सवाले दर वेळी उशिरा पोचत होते. तो लोकांना विचारतो, काय हो, पानाथेनिया आणि दिओनिसिया हे आपले उत्सव कायम ठरल्या ख्रोनोसला कसे होतात, आणि आपलं आरमार मात्र मेथोनेला, पागासाईला, पोतिदाइयाला प्रत्येक वेळी कैरोस उलटून गेल्यावरच का पोचतं? वर टोमणा मारतो की उत्सवांवर तुम्ही जेवढा पैसा उडवता तेवढा एकाही मोहिमेवर केला नाहीत. दोन्ही शब्द पाठोपाठ, आणि यातला चांगला कोण आहे? ख्रोनोस! उत्सव वेळेवर होतो कारण सगळं कायद्याने आधी ठरलेलं असतं, कोणाकडे कोणती जबाबदारी, कधी, कोणाकडून काय घ्यायचं, सगळ्यांना माहीत. युद्धाचं मात्र काहीच ठरलेलं नाही. बातमी आली की मग जहाजांचे प्रमुख नेमायचे, मग त्यांची खर्च कोणी उचलायचा यावर भांडणं, मग पैसा कुठून आणायचा, मग जहाजावर कोणाला चढवायचं, परदेशी रहिवाशांना की स्वतः जायचं, तोवर जे वाचवायला निघालो ते गेलेलं असतं.

मग येतं ते वाक्य. मराठीत मी असं करतो: काम करायचा वेळ आपण तयारीत घालवतो, आणि कामाची वेळ काही आपल्या ढिलाईसाठी थांबत नाही. पहिला वेळ ख्रोनोस, दुसरी वेळ कैरोस, लिंग बदललं की झालं, भाषांतराला फुटनोट पण लागत नाही.

म्हणून त्याचा उपायही 'क्षण ओळखा' वगैरे नाहीये, तो अगदी रुक्ष आहे. कायम तैनात राहील अशी छोटी फौज, दोन हजार पायदळ आणि त्यात पाचशे अथेन्सचे नागरिक, दोनशे घोडेस्वार, दहा वेगवान जहाजं, नागरिकांनी पाळीपाळीने जायचं, आणि हिवाळ्यात तळ लेम्नोस, थासोस, स्कियाथोस अशा बेटांवर. कारण काय, तर फिलिप उन्हाळ्यातल्या उत्तरेच्या वाऱ्यांचा किंवा हिवाळ्याचा मोका बघून हल्ला करतो, जेव्हा अथेन्सहून जहाजं वर जाऊच शकत नाहीत. तो वाऱ्यांचं कॅलेंडर वाचून कैरोस साधत होता!

तुमच्या भाषणात हीच चूक आहे का ते असं तपासा: 'हीच ती वेळ आहे' म्हटल्यावर लगेच पुढच्या वाक्यात कोणी, कधीपर्यंत, कशाने हे येतं का? येत नसेल तर तुम्ही कैरोसची फक्त आरोळी ठोकलीय.

याच्या उलटी चूक पण बघितलीय, दिलेल्या मिनिटांत सगळं कोंबणं. अथेन्सच्या कोर्टात वेळ पाण्याने मोजायचे. खाली भोक असलेलं भांडं, पाणी संपलं की बोलणं संपलं. तिथल्या आगोरात, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, सापडलेल्या भांड्यात साधारण 6.4 लिटर पाणी मावतं आणि ते सुमारे सहा मिनिटांत रिकामं होतं. अशा एका खटल्यात डेमोस्थेनिस आव्हान देतो की समोरच्याकडे पुरावा असेल तर त्याने माझ्या पाण्यात बोलावं, म्हणजे माझ्या वाट्याच्या वेळात. बघा, ख्रोनोस मोजून मिळालाय, तोही स्वतःच्या खिशातून देऊ करतोय, आणि नेमक्या जागी देऊ करतोय म्हणून ते लागतं. पाणी दोन्ही बाजूंना सारखंच मिळायचं, कुठे ओतायचं हे ज्याचं त्याने बघायचं.

शेवटची चूक म्हणजे हा फरक प्रत्येक ग्रीक मजकुरावर लादणं. बायबलच्या नव्या करारात मार्क म्हणतो कैरोस भरला आहे, आणि पौल गलतीकरांना लिहितो तेव्हा जवळपास त्याच अर्थाने ख्रोनोस पूर्ण झाल्याचं म्हणतो. शब्द बघून अर्थ ठरवायला गेलात की तोंडावर आपटाल, वाक्य बघा.

आणि आजच्या ग्रीसमध्ये तर मजाच आहे. तिथे उच्चार केरोस, आणि 'ती केरो कानी?' म्हणजे आज हवा कशी आहे. वाढदिवसाला 'ख्रोन्या पोल्ला', भरपूर वर्षं मिळोत, तिथे ख्रोनोस शुभेच्छेत जाऊन बसलाय. आणि जुना मित्र भेटला की म्हणतात 'एहो केरो ना से दो', म्हणजे किती दिवस झाले तुला बघून. इथे कैरोसच लांबलचक झालाय, स्लाईडवाल्यांनी त्याला उजवीकडे ठेवायचं की डावीकडे ते आता त्यांनीच बघावं.