‘फक्त’ नेमके कुठे ठेवायचे?

आमच्या फोंडा भागातल्या एका आरती मंडळाने चतुर्थीआधी सूचना लावली : ‘फक्त गावातल्या मुलांना घुमट शिकवले जाईल.’ शेजारच्या वाड्यावरच्या आईने ती वाचली आणि मुलाला परत नेले. गावातल्याच एका काकांना वाटले, मोठ्यांना शिकवणार नाहीत. तिसऱ्याने विचारले, मग घुमटाच्या साथीला वाजणारे शामेळ कोण शिकवणार? बोलताना आपण एखाद्या शब्दावर जोर देतो आणि अर्थ ठरतो. कागदावर तो जोर उमटत नाही.

सूचना दुरुस्त करताना आधी स्वतःला विचारा : कोणाला किंवा कशाला वगळायचे आहे? उत्तर एका ओळीत लिहा. मंडळाचे उत्तर होते, ‘शामेळ यंदा नाही.’ म्हणजे मर्यादा वाद्यावर होती, मुलांवर नव्हतीच.

आता ‘फक्त’ उचलून त्या शब्दाच्या अगदी आधी ठेवा : ‘गावातल्या मुलांना यंदा फक्त घुमट शिकवले जाईल.’ मराठीत ‘फक्त’ आपल्या पुढच्या शब्दाला धरते. (रकमेपुढचे ‘रुपये पाचशे फक्त’ हा व्यवहारातला अपवाद.) वाक्याच्या सुरुवातीला ते ठेवले की पुढचा कोणता शब्द धरायचा, हे वाचणाऱ्यावर सोडल्यासारखे होते.

‘फक्त’च्या पुढे दोन-तीन शब्दांचा गट असेल, तर मला ‘च’ अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो शब्दाला चिकटतो. ‘गावातल्याच मुलांना’ म्हटले की बाहेरगावची मुले वगळली जातात. ‘गावातल्या मुलांनाच’ इथे मात्र जपून, कारण मोठी माणसे वगळली की बाहेरची मुले, ही शंका उरते. अशा वेळी वगळलेले सरळ लिहावे : ‘वर्ग मुलांसाठी आहे, मोठ्यांसाठी नाही.’ शिवाय क्रियापदाला लागलेला ‘च’ वेगळेच सांगतो. ‘शिकवणारच’ म्हणजे नक्की शिकवणार.

सर्वांत जास्त घोटाळा ‘नाही’बरोबर होतो. ‘वर्ग फक्त रविवारी नाही’ हे वाक्य घ्या. रविवार सोडून रोज वर्ग आहे, असाही अर्थ होतो. रविवारी आहेच, शिवाय इतर दिवशीही आहे, असाही. इथे शब्द कुठेही सरकवा, संशय जात नाही. म्हणून ‘फक्त’ काढूनच टाका आणि लिहा : ‘रविवारी वर्ग बंद. इतर सहा दिवस संध्याकाळी सुरू.’

शेवटी वाक्य मोठ्याने दोनदा वाचा, दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देऊन. दोन्ही वेळा तेच लोक वगळले जात असतील तर सूचना लावायला हरकत नाही. मंडळाची नवी सूचना अशी वाचून पाहिली, तेव्हा ‘गावातल्या’वर अडखळायला झाले. बाहेरच्या मुलांना बंदी नव्हतीच, म्हणून तो शब्दच खोडला : ‘मुलांना यंदा फक्त घुमट शिकवले जाईल, शामेळ नाही.’