टॉकबॅक चालू असताना स्क्रीनशॉट: बटणांऐवजी तीन बोटं

टॅबलेटची पॉवर आणि आवाजाची बटणं एकत्र दाबताना टॅबलेट हातातून निसटतो, आवाज भलताच कमी होतो, कधी स्क्रीनच बंद पडते. अँड्रॉइडमध्ये यावर चांगला उपाय आहे. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन 'अ‍ॅक्सेसिबिलिटी मेनू'चा शॉर्टकट चालू करा. नेव्हिगेशन जेश्चरचं असेल, तर शॉर्टकट म्हणूनही जेश्चर निवडा.

टॅबलेट टेबलावर ठेवा. तीन बोटं स्क्रीनच्या अगदी खालच्या कडेवर एकदम टेकवून वर सरकवा. एरवी यासाठी दोन बोटं पुरतात, पण टॉकबॅक चालू असताना तीनच लागतात, आणि बरेच जण इथेच अडतात. मेनू उघडला नाही, तर बहुधा एखादं बोट मागाहून टेकलेलं असतं.

मेनूत एका बोटाने उजवीकडे सरकवत 'स्क्रीनशॉट' ऐकू येईपर्यंत जा आणि दोनदा टॅप करा. मेनू आधी स्वतः बंद होतो, त्यामुळे चित्रात तो येत नाही.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्क्रीनशॉटला परवानगी नसल्याचा संदेश आला, तर चूक तुमची नाही. तो अडथळा अ‍ॅपनेच घातलेला असतो आणि कोणत्याही जेश्चरने तो ओलांडता येत नाही.