अपूर्णांकांचा क्रम: आधी अर्ध्याशी तुलना, मग समच्छेद

३/८, ५/९, २/५, ७/१२ चढत्या क्रमाने लावा, असं म्हटलं की मुलं थेट चारही छेदांचा लसावि काढायला बसतात. तो येतो ३६०. एवढ्या मोठ्या गुणाकारांत चूक हमखास होते.

त्याआधी प्रत्येक छेदाची निमपट करून अंश तिच्याहून लहान की मोठा ते पाहायला सांगा. ८ ची निमपट ४, अंश ३, म्हणजे ३/८ अर्ध्यापेक्षा कमी. ५ ची अडीच, म्हणून २/५ सुद्धा कमी. ९ ची साडेचार आणि १२ ची ६, त्यामुळे ५/९ आणि ७/१२ अर्ध्यापेक्षा जास्त.

आता समच्छेद फक्त जोडीपुरता करायचा. ३/८ आणि २/५ चे होतात १५/४० आणि १६/४०. ५/९ आणि ७/१२ चे २०/३६ आणि २१/३६. क्रम: ३/८, २/५, ५/९, ७/१२. उत्तरात मूळ अपूर्णांकच लिहायचे.

छेद ४० केला पण अंश तसेच ठेवले, तर ३/४० आणि २/४० मिळतात आणि क्रम उलटा होतो. ही चूक पकडणं सोपं आहे: ३/८ जवळपास अर्धा, मग ३/४० इतका चिमुकला कसा?