बांगड्याला बर्फ किती? कालच्या वेबिनारमधलं कामाचं

काल जेटीवर लिलाव असल्याने बरेच जण वेबिनारला नव्हते. त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते बर्फाचं गणित.

३० अंशांवरचा २० किलो बांगडा शून्यापर्यंत आणायलाच साधारण ६ किलो बर्फ वितळतो. बाहेरची उष्णता थोपवायला लागतो तो वेगळा. म्हणून आपल्या हवेत मासळीइतकाच बर्फ धरायचा, २० किलोला २० किलो. आपण निम्म्यावर भागवतो, तिथेच माल बिघडतो.

बर्फ बारीक फोडा. मोठ्या खड्यांनी मासळी चेपते आणि मध्ये पोकळी राहते. तळाला थर, मग मासळी, मग बर्फ, असं करत वर पुन्हा जाड थर. क्रेटमधलं पाणी निथळू द्या, त्यात मासळी बुडून राहू नये.

बांगड्याची जास्त काळजी घ्यायची, कारण तो गरम राहिला की त्यात हिस्टामाइन हे विषबाधा करणारं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. वासावरूनही दरवेळी कळत नाही.

क्रेट उघडल्यावर मासळीच्या मधल्या थरात बर्फ दिसला पाहिजे. नुसतं पाणी असेल तर पुढच्या फेरीला बर्फ वाढवा.