शाळेचं परिपत्रक मराठीत करायला बसण्याआधी

सर्वांत आधी बघा की हातातली प्रत शेवटची, सही-शिक्क्याची आहे ना. फीच्या तारखा मागाहून बदलतात आणि जुना कागदच पालकांच्या ग्रुपवर फिरत राहतो. सोबत शाळेचं वर्षाचं वेळापत्रक, एक कॅलेंडर, फीची जुनी पावती आणि शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कचा नंबर असू द्या. शब्दकोश नसला तरी निभावतं, क्लार्कशिवाय नाही. परिपत्रकात जे अडतं ते बहुधा इंग्रजीमुळे नाही, तर लिहिणाऱ्याने अर्धवट सोडल्यामुळे अडतं.

सुरुवात फीपासून करा. समजा मूळ वाक्याचा आशय असा आहे: पहिल्या सत्राची फी १० जुलैला किंवा त्याआधी भरावी, तसं न केल्यास ३१ जुलैपर्यंत रोज २० रुपये विलंब शुल्क लागेल, आणि त्यापुढे मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी लागेल. इंग्रजीत हे सगळं एका दमात येतं. मराठीतही एकाच वाक्यात कोंबलं, की 'अन्यथा', 'तदनंतर', 'आकारण्यात येईल' यांच्या गर्दीत तारीखच दिसेनाशी होते. म्हणून वाक्य तोडा. 'फी भरायचा शेवटचा दिवस १० जुलै, शुक्रवार. त्या दिवशी भरलेली फी वेळेवर भरली असंच धरलं जाईल.' नुसतं '१० जुलैपर्यंत' लिहिलं तर दहा तारीख धरायची की सोडायची, यावर ऑफिसच्या खिडकीशी वाद होतात.

आता दंडाचं उदाहरण स्वतः करून बघा. एखाद्या आईने १४ जुलैला, मंगळवारी, फी भरली. ११, १२, १३, १४ असे चार दिवस धरले तर ८० रुपये. पण ११ तारीख दुसरा शनिवार, म्हणजे बँक बंद, आणि १२ ला रविवार. हे दोन दिवस शाळा सोडत असेल तर दंड ४० रुपयेच होतो. मूळ कागद यावर गप्प आहे. चेक दिला तर तो दिला ती तारीख धरायची की वटला ती, हेही त्यात नाही. असले प्रश्न एका कागदावर लिहा, क्लार्कला एकाच फोनवर विचारा आणि उत्तर आल्यावरच मराठी वाक्य पक्कं करा. अंदाजाने लिहिलेलं वाक्य पालक शाळेचा शब्द म्हणून दाखवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर मुलं असतील, तर ही फी त्यांना लागू नाही अशी ओळ घालायची का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. आपल्या मनाने ती ओळ घालू नका.

सुट्ट्यांचं काम त्या मानाने सोपं. 'अमुक ते अमुक शाळा बंद' एवढ्यावर थांबू नका. शाळेचा शेवटचा दिवस कोणता आणि पुन्हा कधी भरणार, या दोन तारखा वारासकट द्या. वार कॅलेंडरशी ताडून बघा, कारण मूळ कागदातली चुकलेली तारीख नेमकी तिथेच उघडी पडते. अर्धा दिवस असेल तर सुटायची वेळ लिहा. सुट्टीत फीची खिडकी उघडी असेल तर तेही लिहा.

गणवेशाच्या नियमांत सगळा घोळ 'घालावा' या रूपाचा. ते सक्तीलाही चालतं आणि विनंतीलाही. मूळ नियम सक्तीचा असेल तर 'घालायलाच हवा', सवलत असेल तर 'चालेल', आग्रह असेल तर 'घातला तर बरं' असं वेगवेगळं लिहा. रंगाला आणि कपड्याला दुकानात जे नाव चालतं तेच ठेवा. 'गडद निळा' सांगून आणलेली पँट नेव्ही ब्लू निघेलच असं नाही, आणि पिनाफोरला 'झगा' म्हटलं तर दुकानदार भलतंच काढून दाखवेल. पी.टी.चा गणवेश कोणत्या वारी, हे प्रत्येक इयत्तेसाठी वेगळं लिहा. नवा नियम कधीपासून आणि जुना गणवेश तोवर चालणार का, हे कागदात नसेल तर त्या प्रश्नांच्या यादीत टाका. काही घरांत त्यावर एका जोडाचा खर्च अवलंबून असतो.

मसुदा छापण्याआधी इंग्रजी फारसं न वाचणाऱ्या एखाद्या पालकाला वाचायला द्या. 'कळलं का?' विचारलंत तर 'हो'च म्हणतील. त्याऐवजी विचारा, 'ताई, पैसे कधी भरणार? उशीर झाला तर किती जास्त? सोमवारी मुलाला काय घालून पाठवणार?' उत्तर देताना त्या जिथे कागदाकडे परत वळतात, ते वाक्य पुन्हा लिहा. आणि तळाशी फाडून द्यायची पोच असते तीही मराठीत करा. नाहीतर वरचं सगळं वाचूनही पालक न समजलेल्या इंग्रजी मजकुराखाली सही करून पाठवतात.