हिंदी उत्पादन-वर्णनातल्या लिंगाच्या आणि आदरार्थाच्या चुका कशा काढाव्यात

इंग्रजीत बाटलीला व्याकरणाचं लिंग नसतं आणि ग्राहकाला हाक मारायला एकच सर्वनाम पुरतं. हिंदीत मात्र दर वाक्याला लिंगही ठरवावं लागतं आणि आदरही. त्यातून शीर्षक, ठळक मुद्दे आणि सविस्तर वर्णन असे तुकडे वेगवेगळे अनुवादित होत असतील, तर प्रत्येक तुकडा आपापलं ठरवतो. पाण्याच्या बाटलीचं हे एक कच्चं वर्णन घेऊ:

«यह हल्का बोतल आपके पेय को 24 घंटे तक ठंडा रखता है। इसका ढक्कन कसकर बंद होता है। आपको 1 साल का वारंटी मिलता है। आप इसे कहीं भी ले जा सकते हो। इस्तेमाल के बाद धो लो।»

पहिली पायरी म्हणजे मुख्य नाम ठरवून त्याचं लिंग कागदावर लिहिणं. इथे ‘बोतल’, स्त्रीलिंगी. शीर्षकात ‘फ्लास्क’ आणि खाली ‘बोतल’ असं असेल तर आधी दोन्हीकडे एकच शब्द करा. फ्लास्क पुल्लिंगी आहे, त्यामुळे वर ‘रखता’ आणि खाली ‘रखती’ अशी खिचडी होते. आपल्याला मराठीचा कान असतो, तो इथे दगा देऊ शकतो. मराठीतलं मशीन नपुंसकलिंगी, हिंदीतली मशीन स्त्रीलिंगी. हिंदीत नपुंसकलिंग नाहीच. शंका आली की हिंदी शब्दकोश बघा. ‘केबल’सारखे शब्द मात्र कोणी पुल्लिंगी लिहितं, कोणी स्त्रीलिंगी. तिथे एक बाजू धरा, शब्दसूचीत नोंदवा आणि सगळीकडे तीच चालवा.

दुसऱ्या पायरीत प्रत्येक विशेषण, का-की-के आणि क्रियापद घेऊन एकच प्रश्न विचारा: हे नेमकं कोणाशी जुळतंय? खरी मेहनत इथेच आहे. ‘हल्का’ आणि ‘रखता’ बाटलीशी बांधलेले आहेत, म्हणून ‘हल्की’ आणि ‘रखती’. विशेषण ‘मज़बूत’ किंवा ‘टिकाऊ’ असतं तर हात लावायची गरजच नव्हती, ती बदलत नाहीत. ‘ठंडा’ बाटलीबद्दल नाही, पेयाबद्दल आहे. ते तसंच राहू द्या. ‘इसका ढक्कन’ही बरोबर आहे, कारण का-की पुढच्या नामाकडे बघतं, आपल्या चा-ची-चे सारखंच. घाईने सगळं स्त्रीलिंगी करणारा ‘इसकी ढक्कन’ करून ठेवतो. ही नवी चूक जुनीपेक्षा वाईट, कारण ती तपासणीनंतर शिरलेली असते.

वारंटीचं वाक्य फसवं आहे. ‘आपको’ आलं की क्रियापद ग्राहकाशी जुळत नाही, मिळणाऱ्या वस्तूशी जुळतं. वारंटी स्त्रीलिंगी, म्हणून ‘1 साल की वारंटी मिलती है’. इथे ‘आप’ दिसलं म्हणून ‘मिलते हैं’ करणारेही भेटतात.

तिसरी पायरी आदराची. मराठीतलं ‘तुम्ही’ अनोळखी माणसाला चालतं, पण हिंदीतलं ‘तुम’ तितकं आदराचं नाही. विक्रीच्या मजकुराला सहसा ‘आप’च लागतं. मग ‘सकते हो’चं ‘सकते हैं’ आणि ‘धो लो’चं ‘धो लें’. ‘करें’ घ्या किंवा ‘कीजिए’, पण एका वर्णनात दोन्ही मिसळू नका. फाइलमध्ये ‘सकते हो’, ‘करो’, ‘लो’ शोधा. ‘लो’ शोधताना ‘किलो’ही सापडेल, म्हणून ‘सगळं बदला’ हे बटण दाबू नका. ‘आप … है’ असा अनुस्वार सुटलेला दिसला तर तीही आदराचीच चूक. आणि ‘आप आपकी बोतल’ हे आपल्या ‘तुम्ही तुमची बाटली’वरून आलेलं असतं, हिंदीत ‘आप अपनी बोतल’.

दुरुस्त मजकूर असा होतो:

«यह हल्की बोतल आपके पेय को 24 घंटे तक ठंडा रखती है। इसका ढक्कन कसकर बंद होता है। आपको 1 साल की वारंटी मिलती है। आप इसे कहीं भी ले जा सकते हैं। इस्तेमाल के बाद धो लें।»

चौथी पायरी साच्यांची. वाक्यात रंगासाठी मोकळी जागा ठेवून त्यात ‘काला’ भरला की ‘काला बोतल’ तयार होते. ‘रंग: काला’ असं वेगळं लिहा, रंग पुल्लिंगी आहे, त्यामुळे ते प्रत्येक वस्तूला चालतं. वाक्यातच हवं असेल तर ‘काले रंग की बोतल’, आणि मग फक्त ‘की’ वस्तूप्रमाणे बदला.

शेवटी ग्राहकाचं लिंग. ‘सकते हैं’ हे सर्वसाधारण रूप म्हणून खपतं. साडीच्या वर्णनात ‘आप पहन सकती हैं’ लिहायचा मोह होतो, पण विकत घेणारा मुलगा किंवा नवराही असू शकतो. अशा वेळी ग्राहकच वाक्यातून काढा: ‘यह साड़ी त्योहारों पर पहनी जा सकती है’. ‘इसे’ने सुरुवात केलीत तर मात्र ‘इसे त्योहारों पर पहना जा सकता है’ हेच बरोबर. ‘को’ किंवा ‘इसे’ आलं की क्रियापद साडीशी जुळायचं सोडतं.